तेवीस दिवसांचं व्याज

२ जानेवारीला बाबा एटीएममधून रिकाम्या हाताने परत आले. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्यांची पेन्शन महिन्याच्या शेवटच्या चार कामकाजाच्या दिवसांत जमा व्हायची. डिसेंबरची आलीच नाही. आईच्या गोळ्या त्या महिन्यात माझ्या पैशांतून आल्या. मला त्याचं काही वाटलं नाही, बाबांना वाटलं.

बँकेच्या शाखेत उत्तर मिळालं, "काका, तुमचा हयातीचा दाखला सिस्टीमला दिसत नाहीये." दरवर्षी नोव्हेंबरमध्ये तो द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबते. बाबांनी तो १२ नोव्हेंबरला त्याच काउंटरवर दिला होता. कागद शाखेतच पडून राहिला. बँकेच्या ज्या केंद्रात पेन्शनचा हिशेब होतो, तिथे नोंद पोचलीच नाही.

संध्याकाळी त्यांनी मला अर्ज टाइप करायला बसवलं. मी सुरुवात केली, 'आपल्या बेजबाबदार कारभारामुळे ज्येष्ठ नागरिकास झालेला मनस्ताप...'

"हे खोड," बाबा म्हणाले. "मनस्तापाबद्दल ते दिलगिरी लिहून मोकळे होतील. तारीख लिही."

मग अर्ज एका पानात मावला. पीपीओ क्रमांक, म्हणजे पेन्शन मंजूर झाल्याच्या आदेशाचा नंबर. खाते क्रमांक. कोणत्या महिन्याची पेन्शन आली नाही. दाखला कधी दिला, आणि सोबत शिक्का मारलेल्या पोचपावतीची झेरॉक्स. मूळ पावती बाबांनी पाकिटात परत ठेवली. अर्जाच्याही दोन प्रती काढल्या, एक द्यायला आणि एकीवर शिक्का घ्यायला.

२३ जानेवारीला डिसेंबरची पेन्शन आली, ३१,००० रुपये. मी सुटकेचा श्वास सोडला. बाबांनी पासबुक भरून आणलं, चष्मा लावून ओळ बघितली आणि म्हणाले, "व्याज कुठंय?"

सरकारी पेन्शन बँकेमुळे उशिरा जमा झाली, तर देय तारखेपासून दसादशे ८ टक्क्यांनी भरपाई द्यायची आणि तीही पेन्शनरने न मागता, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बाबांनी कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. ३१ डिसेंबरपासून २३ दिवस. १५६ रुपये २७ पैसे.

"बाबा, दीडशे रुपयांसाठी परत बँकेत?"

"अगं, दाखला नाही म्हणजे त्यांच्या लेखी मी हयात नव्हतो. चूक कोणाची होती, ते त्यांच्या वहीत कुठेतरी लिहिलं जायला हवं की नको? दिलगिरीची नोंद वहीत होत नाही. व्याजाची होते."

मी लॅपटॉप उघडला. दुसरा अर्ज पहिल्याहून लहान झाला. खाली पहिल्या अर्जाची तारीख लिहिली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यासाठी ती तारीख लागते.

शिक्का मारलेली प्रत आता त्याच पाकिटात आहे, हयातीच्या पावतीच्या मागे.