मलिक आणि मालिक

परंड्याला कुणी पाहुणा आला की किल्ला दाखवणं आलंच, आणि किल्ला दाखवायचा म्हणजे दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली, १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर निजामशाहीची गादी काही काळ आमच्या परंड्याला होती, आणि ती इथं मांडणारा माणूस होता मलिक अंबर. दुसरी, विजापूरच्या बुरुजावरची जी प्रसिद्ध मुलुखमैदान तोफ लोक बघायला जातात, ती पूर्वी आमच्या किल्ल्यात होती.

गेल्या दिवाळीत पुण्याहून भाचा सहकुटुंब आला होता. त्याची मुलगी नववीत. माझं सगळं पुराण ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "आजोबा, मलिक म्हणजे मालकच ना?"

नाही. पण प्रश्न फार चांगला होता. तिला तिथल्या तिथं थोडंसं सांगितलं, पण ते पुरेसं वाटेना. म्हणून आता सावकाश लिहितो.

मलिक आणि मालिक हे दोन वेगळे अरबी शब्द आहेत. मलिक म्हणजे राजा. मालिक म्हणजे धनी, ज्याच्या ताब्यात वस्तू आहे तो. आपला मराठी 'मालक' या दुसऱ्यापासून आला. दोन्ही शब्दांत व्यंजनं तीच, म-ल-क. दुसरं अक्षर दोन्हीकडे ऱ्हस्व 'लि'. फरक एकच, पहिल्या अक्षरातला स्वर एकदा आखूड आणि एकदा लांब.

यात आपल्या कानाची एक अडचण आहे. आपला 'अ' आणि 'आ' यांच्यात फक्त लांबीचा फरक नाही. 'आ' म्हणताना आपण तोंड जास्त उघडतो, म्हणून आवाजाची जातच बदलते. अरबीत तसं नाही. तिथं मूळ स्वर तीनच, आ, इ आणि उ. प्रत्येकाचा एक आखूड आणि एक लांब प्रकार. तोंडाची ठेवण जवळजवळ तीच राहते, फक्त वेळ बदलतो. कुराणपठण शिकवणारे तर बोटं मोजून शिकवतात. आखूड स्वराला एक मोजणी, साध्या लांब स्वराला दोन. आपल्या वृत्तांतल्या लघुगुरूंच्या मात्रा आठवा, हिशोब तसाच. तेव्हा अरबी माणसाच्या तोंडचा 'मलिक' आपल्याला घाईत उच्चारलेल्या 'मालिक'सारखा ऐकू आला, तर नवल नाही.

पण एका मात्रेनं किती फरक पडतो ते अंबरच्याच आयुष्यात बघा. तो हबसाणात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेत आला. इथं अहमदनगरच्या निजामशाहीचा मंत्री चंगीजखान यानं त्याला विकत घेतलं. म्हणजे चंगीजखान त्याचा 'मालिक'. ज्याच्यावर मालकी आहे त्याला त्याच म-ल-क पासून 'ममलूक' म्हणतात. अंबर ममलूक होता. पुढं सुटला, फौज उभी केली, आणि नावामागं किताब लागला 'मलिक'. मालिक ज्याला होता तोच मलिक झाला. आमच्या किल्ल्यात उभं राहून हे सांगताना मला अजून अंगावर काटा येतो.

आता तोफेकडं वळू. ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला (आता अहिल्यानगर) ओतली. नंतर ती परंड्याला आली आणि १६३२ मध्ये मुरारपंतांनी ती विजापूरला नेली असं इतिहासकार सांगतात. तिचं फारसी नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे रणांगणाचा राजा. आपण मराठीत मात्र तिला मुलुखमैदान म्हणतो. एखाद्या फर्ड्या वक्त्यालाही मुलुखमैदान तोफ म्हणतो. आता मलिकचा मुलुख का झाला असावा? आणि मालिक का झाला नाही?

हे समजायला अरबी लिपी कशी चालते ते बघायला हवं. माझे वडील निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकले होते. त्यांच्याकडून मला लहानपणी ही अक्षरं मिळाली. पुढं आमच्या उर्दू शाळेतले एक मास्तरसाहेब माझे मित्र झाले, त्यांच्याकडून बाकीचं मिळालं. मास्तरसाहेब म्हणायचे, "गुरुजी, आमच्याकडे आखूड स्वर हा पाहुणा आहे आणि लांब स्वर हा घरचा माणूस." म्हणजे काय, तर लांब स्वराला स्वतःचं अक्षर असतं. लांब 'आ'ला अलिफ, लांब 'ई'ला ये, लांब 'ऊ'ला वाव. आखूड स्वराला अक्षर नाही. त्याच्यासाठी अक्षराच्या वर किंवा खाली जबर, जेर, पेश अशा बारीक खुणा आहेत, आणि रोजच्या लिखाणात त्या कुणी देत नाही.

तेव्हा कागदावर मलिक लिहिलं तर दिसतं काय? मीम, लाम, काफ. बस्स. आता हीच तीन अक्षरं मलिक वाचली तर राजा, मुल्क वाचली तर राज्य, मलक वाचली तर देवदूत. कुठला शब्द आहे ते वाचणारानं संदर्भावरून ओळखायचं. मुल्कचाच आपला मुलूख. म्हणजे मलिक-ए-मैदान आणि मुल्क-ए-मैदान कागदावर अगदी सारखंच दिसतं. लोकांच्या तोंडी असलेला शब्द मुलूख, तेव्हा तोफेला तोच चिकटला, असं मला वाटतं. पण मालिक लिहायचं तर मीमनंतर उभा अलिफ काढावाच लागतो. आखूड स्वर एकमेकांची जागा घेतात ते डोळ्याला कळत नाही. लांबी मात्र डोळ्याला दिसते. मलिक आणि मालिक बोलताना गोंधळले तरी कागदावर वेगळे राहतात, ते त्या अलिफामुळं.

याला एक मोठा अपवाद आहे, तोही याच जोडीचा. कुराणाच्या पहिल्या अध्यायात, चौथ्या आयतीत, अल्लाहला न्यायाच्या दिवसाचा स्वामी म्हटलं आहे. जुन्या लेखनात तिथं अलिफ नाही, नुसती तीन अक्षरं. त्यामुळं दोन वाचनं परंपरेनं चालत आली, आणि दोन्ही मान्य आहेत. आपल्याकडं भारतात जे वाचन चालतं त्यात लांब स्वर आहे, म्हणजे 'मालिक'. मोरोक्कोकडं जे वाचन चालतं त्यात आखूड आहे, म्हणजे 'मलिक'. एकीकडं त्या दिवसाचा धनी, दुसरीकडं त्या दिवसाचा राजा. आपल्याकडच्या छापील प्रतींत लांबी कळावी म्हणून मीमवर एक छोटी उभी रेघ देतात. तिला खडा जबर म्हणतात.

नववीतल्या मुलीला एवढं पुष्कळ झालं असतं. पण मी मास्तर, नियम सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. अरबीत लांबीची जागा बदलली की शब्दाचं काम बदलतं. पहिला स्वर लांब आणि दुसरा आखूड 'इ' असेल तर तो बहुधा करणारा. मालिक हा त्यातलाच, मालकी करणारा. उलट, पहिला आखूड आणि दुसरा लांब 'ई' असेल तर बहुधा अंगी असलेला गुण, किंवा ज्याच्यावर ती क्रिया झाली तो. हाकिम म्हणजे हुकूम करणारा, अधिकारी. हकीम म्हणजे शहाणा, आणि मग वैद्य. कातिल म्हणजे मारणारा. कतील म्हणजे मारला गेलेला! खुनी आणि खून झालेला, यांच्यात फक्त लांबी इकडची तिकडं झाली आहे.

याचा त्रास प्रत्यक्षात होतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा शाहिद. शाहिद म्हणजे साक्षीदार. एका कार्यालयातून त्याचा दाखला आला त्यावर नाव होतं 'शहीद'. (शहीदचा मूळ अरबी अर्थही साक्ष देणाराच, पण आपल्याकडं तो शब्द प्राण देणाऱ्यालाच लावतात.) विद्यार्थी कागद घेऊन माझ्याकडं आला. म्हणाला, "गुरुजी, पोरगं कॉलेजात जातंय अन् ह्यांनी त्याला जिताजागता शहीद केला!" आम्ही हसलो खरं, पण ते दुरुस्त करायला त्याला प्रतिज्ञापत्र करून चार हेलपाटे घालावे लागले. मी त्याला एवढंच सांगितलं, अर्जात 'श'ला काना आणि 'ह'ला पहिली वेलांटी, हे दोन्ही मोठ्या अक्षरात लिहून दे. मराठीत शेवटून दुसरा इकार दीर्घ लिहायची सवय असल्यानं लिहिणारा 'शाहीद' करतोच. तेवढं झालं तरी चालतं, कारण काना राहिला म्हणजे नाव ओळखू येतं. काना गेला की माणूसच बदलतो. इंग्रजीत लिहिताना तर मलिक आणि मालिक सर्रास एकाच स्पेलिंगनं लिहितात. म्हणून देवनागरीतल्या नोंदीत काना नीट असणं जास्त गरजेचं.

शेवटी एक गंमत. आपल्या पूर्वजांनी अरबी व्याकरण वाचलं नव्हतं, पण कानांनी लांबी बरोबर मोजली होती. परंड्याच्या तहसीलमध्ये गेलात तर 'नायब तहसीलदार' ही पाटी वाचा. अरबीत पहिला शब्द 'नाइब', त्यातली 'इ' आखूड. मराठीत ती झिजून 'अ' झाली, नायब. दुसऱ्यातली 'ई' लांब, ती शाबूत राहिली, तहसील. हाच हिशोब पुढं लावा. मालिकचा मालक, वारिसचा वारस, काफिरचा काफर. आणि वकील, गरीब, फकीर, हकीम तसेच्या तसे. अपवादही आहेत. 'जामीन' मुळात आखूड 'इ'चा, पण आपण तो लांब करून टाकला. तरी एकंदर बघितलं तर आखूड स्वर पडतो किंवा बदलतो आणि लांब टिकतो. मास्तरसाहेबांच्या भाषेत, पाहुणा गेला आणि घरचा माणूस राहिला.

असो. तुमच्या घरात किंवा गावात अशा आखूड-लांबच्या जोड्यांची नावं असतील, नासिर-नसीर, आलिम-अलीम अशी, तर त्या दोघांना आपापल्या नावाचा अर्थ एकदा विचारून बघा. बहुतेकांना माहीत असतो, आणि सांगायला आवडतो.