निघण्याआधी पत्ते

ऑर्कुटवर कोणी कोणाचा निरोप घेतल्याचं मला आठवत नाही. २००४ साली सुरू झालेलं ऑर्कुट गूगलनं ३० सप्टेंबर २०१४ला बंद केलं, पण तोवर माझ्या ओळखीचं तिथे कोणी उरलंच नव्हतं. एकेक करून सगळे फेसबुकवर गेले होते आणि उशिरा पोचणाऱ्याला आधी गेलेले तिथे भेटत होते. स्क्रॅप गेले, एकमेकांची वारेमाप स्तुती करणारी टेस्टिमोनियल्स गेली. माणसं मात्र सगळी तीच, नव्या जागी. पत्ता मागायची वेळच आली नाही.

आता फेसबुक सोडायचं ठरवल्यावर लक्षात आलं, की या वेळी सगळे मिळून कुठेच गेलेले नाहीत. कॉलेजचे व्हॉट्सॲपवर आहेत, भाचरं इन्स्टाग्रामवर, आणि पहिल्या नोकरीतल्या दोन-तीन जणी फेसबुकशिवाय कुठेच नाहीत.

निरोपाची पोस्ट लिहायला घेतली. ‘हा माझा ईमेल, इथे लिहीत जा’ असं शेवटी टाकायचं आणि खातं बंद करायचं, एवढाच बेत होता. पण खातं कायमचं काढलं की त्यावरच्या पोस्टही जातात, म्हणजे निरोपही गेला आणि त्यातला ईमेलही. काढण्याची विनंती केल्यावर ३० दिवसांत पुन्हा लॉग इन करून ती रद्द करता येते. पण त्या दिवसांतही तुमचं पान इतरांना दिसत नाही. जी मैत्रीण सणासुदीलाच फेसबुक उघडते, तिला मी नाहीशी झालेलीच दिसणार. शिवाय पोस्ट टाकली म्हणजे ती प्रत्येक मित्राला दिसते असंही नाही. तेव्हा पोस्ट महिनाभर आधी टाकायची, आणि ज्यांच्यावाचून चालणार नाही त्यांना वेगळा निरोप धाडायचा, असं ठरवलं.

त्याआधी स्वतःची सगळी माहिती उतरवून घेतली. ती सोय सेटिंग्जमध्ये आहे. तिथे एचटीएमएल की जेसन असं विचारतात. मराठीत लिहिणाऱ्यानं डोळे झाकून एचटीएमएल घ्यावं. जेसनच्या फाइलीत आपली देवनागरी `\u00e0\u00a4` अशा चिन्हांच्या रांगा होऊन बसते आणि ती पुन्हा अक्षरांत आणायला जाणकार लागतो. फोटो मिळाले, जुन्या पोस्टी मिळाल्या. मित्रांची यादी उघडली तर तिच्यात फक्त नावं आणि मैत्री जुळल्याची तारीख. फोन नाही, गाव नाही, चेहराही नाही. शाळेतल्या निम्म्या मुली तिथे सासरच्या नावानं आहेत. काहींनी तर पहिलं नावही बदललेलं. फोटो पाहून मी त्यांना ओळखत होते. नुसत्या यादीत ‘वैष्णवी’ म्हणजे आमची बाकावरची सुनंदा, हे कसं कळावं? म्हणून खातं चालू असतानाच यादी समोर ठेवून एकेक पान उघडलं आणि वहीत माहेरचं नाव, आताचं नाव, वाढदिवस असं लिहीत गेले. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा मार्ग मला सापडला नाही.

आमच्या कुळाचा एक ग्रुपही मी एकटीच सांभाळत होते. तिथे आतेभावाला ॲडमिन करून ठेवलं.

मग पोस्ट लिहिली. सोडण्याची कारणं त्यात घातली नाहीत. ती घातली की खाली वाद रंगतो आणि निरोप बाजूलाच राहतो. फोन नंबरही उघड्यावर टाकला नाही. शेवटी मजकूर उरला तो एवढाच:

‘मंडळी, पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला माझं इथलं खातं बंद होईल. मेसेंजरही त्याबरोबर जाईल. कोणावर राग नाही, तब्येत उत्तम आहे. मला तुमचा फोन किंवा ईमेल मेसेजमधून कळवा, मी माझा देते. पत्र लिहिणाऱ्यांनी पोस्टाचा पत्ता पिनकोडसह द्यावा, उत्तर नक्की येईल.’

‘तब्येत उत्तम आहे’ हे मुद्दाम लिहिलं. आपल्याकडे कोणी अचानक निरोप घेतला की पहिला फोन काळजीचाच येतो. तरी दोन आलेच.

बहुतेकांनी व्हॉट्सॲप नंबर दिले. व्हॉट्सॲपही त्याच मालकाचं, हे दोघा-तिघांनी खवचटपणे लक्षात आणून दिलं. खरं आहे, पण तिथे निदान नंबर हाती राहतो, उद्या तेही सोडलं तरी फोन लावता येतो. ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी सिग्नल आहे. खातं उघडायला तिथेही नंबर लागतो, पण २०२४पासून समोरच्याला तो न देता नुसतं युजरनेम देता येतं. लांबच्या मंडळींसाठी ईमेलची यादी केली. दर दोन-तीन महिन्यांनी खुशालीचं एक लांबलचक पत्र जाईल, सगळ्यांचे पत्ते ‘बीसीसी’त टाकून, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसणार नाही.

वहीत अजून काही नावांपुढची जागा कोरी आहे. त्यांच्यातल्या दोघींच्या मुलींना मेसेज केला आहे. बाकीच्यांसाठी पोस्ट उद्या पुन्हा टाकीन, तारीख तीच.