पट्टी कोरी, वजन खाली

श्रावण लागला होता, शिवारातली रोवणी आटोपत आली होती आणि तिरोड्याच्या आमच्या घरात फोडणी देणं बंद झालं होतं. धाकट्या जावेला नववा आठवडा सुरू होता. कुकरची शिट्टी झाली की ती तोंडावर पदर धरून न्हाणीकडे पळायची. मी नागपूरला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, सणाला म्हणून घरी आले होते. मला बघून ती एवढंच म्हणाली, "ताई, पोटात पाणीसुद्धा राहत नाही."

सासूबाईंच्या लेखी मात्र काळजी मिटली होती. तीन दिवसांपूर्वी एका दवाखान्यात तिची लघवी तपासली, तेव्हा पट्टीचा किटोनचा चौकोन गडद जांभळा झाला होता. ग्लुकोजच्या दोन बाटल्या लावल्या, संध्याकाळी पुन्हा तपासलं तर पट्टी कोरी. "लघवी साफ आली बाई, आता दोन घास पोटात गेले की झालं," सासूबाई म्हणाल्या.

मी धास्तावले ती त्या कोऱ्या पट्टीनेच. अन्न मिळेनासं झालं की शरीर साठवलेली चरबी जाळायला घेतं आणि त्यातून किटोन तयार होऊन लघवीत उतरतात. शिरेतून ग्लुकोज गेलं की इन्सुलिन वाढतं, चरबी जाळणं थांबतं आणि काही तासांत पट्टी कोरी होते. उपासमार मात्र तिथेच असते. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्यांतलं पाच टक्के ग्लुकोज म्हणजे ५० ग्रॅम साखर, फार तर दोन पोळ्यांइतकी ऊर्जा. शिवाय बाई पाणी कमी प्यायली असेल तर दाट लघवीत किटोन जास्त दिसतात, म्हणजे गडद रंगावरूनही आजाराची तीव्रता नेमकी कळत नाही. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२४ च्या मार्गदर्शिकेत किटोनवरून तीव्रता ठरवू नये असं स्पष्ट लिहिलं आहे. आपल्याकडे अजून पट्टीच बोलते आणि बाकीचे ऐकतात.

मी वजनकाटा काढला. आशाताईंनी नाव नोंदवताना कार्डावर ४८ किलो लिहिलं होतं, पण तो काटा वेगळा. म्हणून तांदळाची दहा किलोची सीलबंद पिशवी आधी आमच्या काट्यावर आणि मग आशाताईंच्या काट्यावर ठेवून पाहिली. फरक शंभर ग्रॅमचाही नव्हता. सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, नुसत्या गाऊनवर जाऊ भरली ४४.४ किलो. ३.६ किलो गेले, म्हणजे साडेसात टक्के. गरोदरपणाआधीच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त घट झाली की त्या ओकाऱ्यांना नेहमीचे डोहाळे म्हणून सोडून देता येत नाही. हे वजन पाण्याचं की मांसाचं, ते काटा सांगत नाही, सलाइनने त्यातलं थोडं लगेच परत येतं. म्हणून मी दुसरा हिशेब मांडला, कालच्या दिवसभराचा. अर्धा कप कोरा चहा, दोन बिस्किटं, अर्धं केळ, तीन चमचे पेज. पेज तर लगेच बाहेर पडली होती. पोटात राहिलेलं सगळं मिळून फार तर दोन-अडीचशे कॅलरी. आणि असे दिवस किती झाले? तिने बोटं मोजली, मग म्हणाली, "रोवणी सुरू व्हायच्या आधीपासून." म्हणजे दोन आठवड्यांच्या वर.

दोन आठवडे हा आकडा ऐकून मला थायमिन आठवलं. बी-१ जीवनसत्त्व. शरीरात त्याचा साठा जेमतेम ३० मिलिग्रॅमचा असतो, दोन-तीन आठवड्यांत तो संपायला येतो. ग्लुकोज वापरायला पेशींना थायमिन लागतं. साठा तळाला गेलेला असताना नुसतं ग्लुकोज ओतलं तर उरलंसुरलं थायमिन त्यातच खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. वेर्निके नावाचा हा आजार आहे: डोळ्यांची बुबुळं थरथरणं किंवा एकाचे दोन दिसणं, झोकांड्या जाणं, गोंधळणं. ज्या बाटलीने पट्टी कोरी केली होती, तिनेच हा खर्चही वाढवला होता.

त्या रात्री मी तिला माझ्या बोटाकडे बघायला सांगितलं, बोट डावीउजवीकडे नेलं. बुबुळं स्थिर होती. भिंत धरून ती चालत होती, पण ते उभं राहिल्यावर येणाऱ्या चक्करीमुळे. थोडा वेळ बसवून पुन्हा उठवलं तेव्हा टाचेला अंगठा लावत चार पावलं सरळ टाकली. तरी मी निर्धास्त झाले नाही. तिन्ही लक्षणं एकत्र फार थोड्या रुग्णांत दिसतात, त्यांची वाट पाहणं म्हणजे उशीर करणं.

पहाटेच गोंदियाला नेलं. सोनोग्राफीत एकच गर्भ, ठोके नीट. थायरॉइड आणि लघवीतला जंतुसंसर्गही तपासला. पोटॅशियम ३.० निघालं. तिथल्या डॉक्टरांना मी दिवसांचा हिशेब दाखवला, तेव्हा त्यांनीच सिस्टरला सांगितलं, "आधी थायमिन, मग बाकीचं." १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, त्यानंतर साधं सलाइन आणि त्यात पोटॅशियम. ओकारी थांबवण्याचं औषधही सुरू झालं. लोहाची गोळी बंद केली, कारण ती मळमळ वाढवते. फॉलिक ॲसिड ठेवलं.

भुकेल्या शरीराला एकदम भरपूर द्यायचं नसतं, हे सासूबाईंना पटवणं सगळ्यांत अवघड गेलं. उपाशी देहात अन्न लोटलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत शिरतं आणि हृदयापर्यंत गोष्ट जाते. म्हणून पहिले दोन दिवस चारसहाशे कॅलरीच, रोज रक्त तपासून.

घरी आल्यावर ताट गेलं, वाटी आली. सकाळी डोकं उशीवरून उचलायच्या आधी मूठभर मुरमुरे, मग पंधरा मिनिटं पडून राहायचं. दर दीड-दोन तासांनी काहीतरी, पण दोन-तीन चमचेच: फुटाणे, गार दहीभात, उकडलेला बटाटा मीठ लावून. घन आणि पातळ एकत्र नाही, मध्ये अर्धा तास. पाणी ग्लासाने नाही, फ्रीजमधलं ओआरएस पाच मिनिटाला एक चमचा. ओकारीची गोळी खाण्याआधी अर्धा तास. सगळं गार, कारण गरम अन्नाला वास जास्त सुटतो, आणि स्वयंपाक शेजारच्या घरी. वेळ, पदार्थ, राहिला की पडला, एवढं वहीत लिहायचं. चौथ्या दिवशी वहीतून कळलं की दुपारी तीननंतर तिला सगळं पचतं. मग जड गोष्टी, शेंगदाण्याची चटणी आणि अंडं, तिकडे सरकवल्या.

भाताच्या बाबतीत मी फसले. आमचा गोंदिया तांदळाचा जिल्हा, गिरण्यांचा. गिरणीत पॉलिश होताना थायमिन कोंड्यासोबत निघून जातं, उसन्या तांदळात ते भिजवताना-वाफवताना दाण्याच्या आत शिरून बरंच टिकतं. मी मोठ्या ज्ञानाने उसना तांदूळ आणवला. शिजताना त्याचा वास सुटला आणि जाऊ तीन दिवसांनी पहिल्यांदा ओकली. पुस्तकातलं जीवनसत्त्व पोटात राहिलं तर उपयोगी! शेवटी थायमिन गोळीतूनच द्यावं लागलं, १०० मिलिग्रॅम तीन वेळा, दह्यात चुरून. गोळी घेतल्यावर लगेच ओकारी झाली तर पुन्हा.

दर सोमवारी तोच काटा, तोच गाऊन. पहिल्या सोमवारी ४४.९, दुसऱ्याला ४४.८ आणि सासूबाईंचा चेहरा उतरला. तिसऱ्याला ४५.३. सतराव्या आठवड्यात ४८ भरले. त्या दिवशी सासूबाईंनी कपाटातली किटोनच्या पट्ट्यांची डबी दाखवून विचारलं, "हिचं काय करायचं आता?" झाकण सैल होतं, पावसाळी दमट हवेत न वापरलेल्या पट्ट्यांचाही रंग बदलला होता.