पाडव्याच्या दोन ओळी

आमच्या संस्थेत मराठी आणि उर्दू असे दोन्ही विभाग आहेत. गाव सोलापूर, त्यामुळे घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारेही बरेच. व्हॉट्सॲपचा गट मात्र सगळ्यांचा एकच. 2024 च्या पाडव्याला आम्ही उर्दू विभागातल्या तिघांनी गटावर काहीच लिहिले नाही. मनात काही नव्हते. रोजे, ईदची खरेदी, यात राहून गेले. पुढे मराठीच्या बाई सहज म्हणाल्या, "ईदला पहिला मेसेज माझाच होता हं, सर." एवढेच. पण आम्हाला ते लागले.

पुढल्या वर्षी पाडवा 30 मार्चला, रविवारी आला. त्या दिवशी एकोणतिसावा रोजा. आदल्या रात्री तरावीहनंतर आम्ही मजकूर ठरवायला बसलो. एकाने आलेलाच एक मेसेज पुढे केला. बारा ओळी, कलश, तोरण, 'हिंदू नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा' आणि खाली शके 1946. इसवी सनातून 78 वजा केले की पाडव्यापासूनचा शक मिळतो, म्हणजे हवा होता 1947. मेसेज गेल्या वर्षीचा शिळा होता!

मग 'आपणा सर्वांचे नववर्ष' असे लिहून पाहिले. सर्वसमावेशक वाटले, पण खरे नव्हते. आमच्या गुजराती लेखनिकांचे नवे वर्ष दिवाळीनंतर सुरू होते, आमचे मोहर्रमपासून. सगळ्यांना आत घेण्याच्या नादात प्रत्येकाच्या तोंडी नसलेली गोष्ट घालत होतो. त्यापेक्षा सणाचे नाव घ्यावे आणि दुवा सगळ्यांसाठी मागावी, हे पटले. तेलुगू-कन्नड घरांत त्याच दिवशी उगादी असते. तो एक शब्द घातला की तीही मंडळी आली. 'पाडवा मुबारक' लिहू या, असेही एकजण म्हणाला. शब्द गोडच आहे, पण सण त्यांचा तर शब्दही त्यांचाच असू द्या, असे ठरले.

शेवटी एवढे उरले: "सर्वांना गुढीपाडव्याच्या आणि उगादीच्या शुभेच्छा. नवे वर्ष सुखाचे जावो, आपणा सगळ्यांना आरोग्य लाभो. – उर्दू विभाग."

सकाळी साडेआठला पाठवला. संध्याकाळी गुढी उतरते, आणि त्या संध्याकाळी तर आमचे डोळे चंद्राकडे लागलेले असणार होते. अमावास्या एकच, तिच्यानंतर त्यांची प्रतिपदा आणि आमचा चाँद.

शिपाईमामांनी लगेच लिहिले, "उगादी लिहिलं, बरं वाटलं." बाईंनी फक्त हात जोडले.

मगरीबनंतर चाँद दिसल्याची बातमी आली. इफ्तारच्या खजुरीचे बोट पुसून मोबाइल उघडतो तो गटावर बाईंचा मेसेज आधीच आलेला होता. "ईद मुबारक. उद्या शिरखुर्मा डब्यातून नको, घरी येऊनच खाऊ."