कारण न देणारी नोटीस

पुण्यातल्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या सेक्रेटरींनी सुरक्षा एजन्सीला द्यायच्या नोटिशीचा मसुदा तपासायला पाठवला, तेव्हा तो तीन पानी होता. रात्रपाळीचा वॉचमन झोपलेला सापडला, पाहुण्यांची नोंदवही कोरी राहिली, सुपरवायझर फोन उचलत नाही. सगळं खरं होतं. करारांचं काम करताना असे मसुदे माझ्या टेबलावर नेहमी येतात.

या करारातून बाहेर पडायला दोन वाटा होत्या. कलम १४(१) नुसार कोणताही पक्ष कारण न देता ३० दिवसांच्या लेखी नोटिशीने करार संपवू शकत होता. कलम १४(२) कसुरीचं होतं: आधी लेखी तक्रार, मग सुधारणेसाठी १५ दिवस, आणि तरीही फरक पडला नाही तरच करार रद्द. सोसायटीने लेखी तक्रार कधी केलीच नव्हती. नोटिशीत आरोप घातले असते, तर एजन्सीने पहिला प्रश्न विचारला असता की १५ दिवसांची मुदत कधी दिली? शिवाय प्रत्येक आरोप सिद्ध करत बसावं लागलं असतं.

म्हणून तीन पानांच्या जागी काही ओळी आल्या:

‘आपल्यातील दि. १ एप्रिल २०२५ च्या सुरक्षा सेवा कराराच्या कलम १४(१) अन्वये सदर करार समाप्त करण्याची ही ३० दिवसांची नोटीस आहे. व्यवस्थापक समितीने तसा ठराव केला आहे. नोटीस कालावधीत सेवा व देयके करारानुसार चालू राहतील. कृपया अंतिम बिल पाठवावे व गेटच्या किल्ल्या आणि नोंदवह्या परत देण्याची वेळ कळवावी.’

‘नाइलाजाने’, ‘खेदाने’ हे शब्दही काढले, कारण त्यांतून कारणाची चर्चा सुरू होते. तक्रारींचे फोटो सोसायटीच्या फायलीत राहिले. बिलातून काही कापायचं असेल, तर त्यासाठी वेगळं पत्र.

मग दिवसांचा हिशेब. करारानुसार मुदत नोटीस मिळाल्यापासून मोजायची होती, पत्रावरच्या तारखेपासून नव्हे. पत्र ८ ऑगस्टचं, पण एजन्सीच्या कार्यालयात ते १२ तारखेला पोचलं. मिळाल्याचा दिवस सोडून १३ ऑगस्ट हा पहिला दिवस धरला, की तिसावा दिवस ११ सप्टेंबर येतो. करारात ‘एक महिना’ असं असतं, तर शेवटचा दिवस १२ सप्टेंबर झाला असता.

एका दिवसाचा हा फरक गेटवर जाणवतो. रात्रपाळी रात्री आठ ते सकाळी आठ. ११ तारखेच्या रात्री आलेला वॉचमन १२ तारखेला सकाळी सुटणार, त्यामुळे ती पाळी कोणाच्या हिशेबात, हे आधीच ठरवावं लागतं. दोन्ही बाजूंनी ईमेलवर मान्य केलं की जुनी एजन्सी १२ तारखेच्या सकाळी आठपर्यंत राहील आणि तेवढी पाळी बिलात धरेल. नव्या एजन्सीचे वॉचमन पावणेआठला हजर झाले, आणि किल्ल्यांच्या यादीवर दोन्ही सुपरवायझरांनी सह्या केल्या.