पहिल्या प्रश्नाची तीस सेकंदे

पदवी हाती पडल्यावर आमच्या शाळेचे माजी विद्यार्थी अमरावती-अकोल्याकडील मुलाखतींच्या तयारीसाठी आमच्याकडे येतात. ‘स्वतःविषयी सांगा’ असे म्हणताच बहुतेकांचे उत्तर नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका, घरची परिस्थिती आणि वाचनाचा छंद या क्रमाने जाते. यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु तीस सेकंदे तेथेच संपतात आणि ज्या कष्टाने पदवी मिळवली, ते कष्ट सांगायचे राहून जातात.

तीस सेकंदांत शांतपणे साधारण साठ शब्द बोलता येतात. आम्ही त्यांचे तीन भाग करतो : आज मी कोण, मी स्वतः केलेले एक काम, आणि त्या कामाचा या पदाशी संबंध. मधल्या भागाला निम्मी सेकंदे द्यावीत, कारण पुरावा तेथेच असतो.

समजा, एका कृषी पदवीधर मुलीने बियाणे कंपनीत क्षेत्र अधिकारीपदासाठी अर्ज केला आहे. नाव सांगून तिने असे बोलावे :

‘मी नुकतीच अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून कृषी शाखेची पदवी घेतली आहे. शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभवात आम्ही कपाशीच्या शेतात हेक्टरी पाच कामगंध सापळे लावले. त्यात सापडणाऱ्या गुलाबी बोंडअळीच्या पतंगांची रोजची नोंद माझ्याकडे होती. त्या नोंदी पाहून फवारणी केव्हा करावी, हे शेतकऱ्यांना समजावून सांगणे मला जमू लागले. आपल्या क्षेत्र अधिकाऱ्याचे कामही हेच असल्याने मी अर्ज केला.’

येथे ‘मी मेहनती आहे’ असे एकही वाक्य नाही; रोजची नोंदच ते सांगते. शिवाय पुढचा प्रश्न कोणता येईल, हे उमेदवारानेच ठरवले आहे : किती पतंग दिसल्यावर फवारणी करायची? सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग, हे उत्तर तिला ठाऊक हवे. म्हणूनच गटातील इतरांनी केलेले काम आपले म्हणून सांगू नये. दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते.

तयारी करताना संपूर्ण मजकूर पाठ करू नये. पाठांतरात एक शब्द निसटला की पुढचे सारे अडते. तीन भागांचे तीन शब्द लक्षात ठेवावेत : पदवी, सापळे, शेतकरी. मग मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून वेळ पाहावी. पस्तीस सेकंदांच्या पुढे गेल्यास काटछाट सुरुवातीच्या भागात करावी. शेवटचे वाक्य कापू नये, कारण त्याखेरीज हे उत्तर कोणत्याही नोकरीसाठी चालले असते. पद बदलले, तर मधले कामही बदलावे. बँकेच्या मुलाखतीत पतंगांपेक्षा बचत गटाचा हिशेब लिहिल्याचा अनुभव अधिक उपयोगी पडेल.