निरोपाचं गाणं

आमच्या आष्टीच्या बँकेतले क्लार्क तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले. निरोप समारंभाचं गाणं "गुरुजी, तुम्हीच लिहा" म्हणून माझ्याकडे आलं. चाल अभंगाची धरली. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, मधल्या दोन चरणांना यमक. बोटांवर अक्षरं मोजत लिहिलं:

पितळी टोकन । मुठीत तापले ।
नाव पुकारले । तुम्ही तेव्हा ॥

टोकनावर नंबर असे, पण साहेब हाक मारत ती नावानेच. २०१६ च्या नोटाबंदीत रांग रस्त्यावर गेली, तेव्हाही "या मावशी" हेच.

दुसरं कडवं एका आजींचं. त्या स्लिपवर अंगठा लावायच्या, साक्षीदार म्हणून सही मी करायचो. मुलगा मागेच उभा. शिल्लक त्याला कळू नये, म्हणून आजी तोंडाने विचारत नसत, नुसतं बघत. साहेब पासबुक भरून देताना काउंटरवर बोटं टेकवत. एक बोट म्हणजे एक हजार. आजी मान हलवत.

कडवं छान जमलं होतं. पण समारंभात तो मुलगा पुढेच बसलेला दिसला. आजी आता नाहीत, तरी ते कडवं मी गायलो नाही. साहेबांनी इतकी वर्षं जपलेलं मी यमकापायी कसं उघडं करू? कुठल्या आजी, ते इथेही सांगणार नाही.

चहाच्या वेळी कागद साहेबांच्या हाती दिला. त्यांनी वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

"गुरुजी, गायला नाहीत ते बरं केलंत."